राउंड म्हणजे काय ते आधी लिहून दे, मग टाइमलाइन उघड

हॅलो,

माझ्या दुकानाच्या व्हिडिओच्या एडिटिंगबद्दलचा तुझा मेसेज वाचला. "२ रिव्हिजन, आणि फाइल कशात देऊ, तुम्ही म्हणाल तसं करतो." त्यातलं ते शेवटचं वाक्य वाचून खरं सांगतो डोकंच फिरलं माझं. मी म्हणेन तसं करशील तर मरशील रे. मी दुकानदार आहे, फुकटात एक बदल जास्त मिळत असेल तर मी मागणारच, त्यात माझं काही वाईट नाही, धंद्याची सवय आहे ती. मला अडवायचं काम तुझ्या कागदाचं आहे आणि तो कागदच तू अजून केलेला नाहीस.

तुझं काम आवडलं म्हणून तुला बोलावलं, तो विषय संपला. आता कागदाचं बोलू.

मला काय पाहिजे ते आधी सांगतो. दुकानात काउंटरच्या मागे जो टीव्ही लावलाय त्यावर दिवसभर फिरत राहील असा ४५ सेकंदांचा आडवा व्हिडिओ, आणि फोनवर टाकायला त्यातूनच काढलेला ३० सेकंदांचा उभा. फुटेज माझं, मोबाइलवर शूट केलेलं. नावं, पत्ता, ऑफरच्या ओळी मी टाइप करून देणार. तू कट करणार, कलर बघणार, टेक्स्ट टाकणार, म्युझिक लावणार. झालं, हे लिही. आणि त्याच्या खाली काय येत नाही तेही लिही, ते जास्त महत्त्वाचं: परत शूट नाही, व्हॉइसओव्हर नाही, लोगोचं अ‍ॅनिमेशन नाही, थंबनेल नाही. का माहितीये? कारण व्हिडिओ हातात आल्यावर मी नक्की म्हणणार "अरे तो लोगो जरा फिरत फिरत आला तर?" आणि तू भिडेपोटी हो म्हणणार. भीड भिकेची बहीण. कागदावर असेल तर तुला नाही म्हणावं पण लागत नाही, फक्त म्हणायचं की हे वेगळं काम आहे, वेगळं कोट देतो.

आता राउंड, म्हणजे रिव्हिजनची एक फेरी. सगळं भांडण इथेच होतं.

तू तुझ्या मेसेजमध्ये नुसतं "२ रिव्हिजन" लिहिलंयस. त्याला काही अर्थ नाही. मी सकाळी म्हणालो म्युझिक बदल, दुपारी पार्टनर म्हणाला पहिला शॉट आवडला नाही, रात्री घरच्यांनी बघितलं आणि फॉन्ट मोठा करा म्हणाले, तर हा एक राउंड की तीन? तू तीन धरशील, मी एकच धरीन, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. म्हणून असं लिही: एक राउंड म्हणजे एका माणसाकडून, एकदाच आलेली, एकच लिस्ट, आणि लिस्टमधल्या प्रत्येक ओळीपुढे मिनिट-सेकंद. "मधे कुठेतरी जरा स्लो वाटतंय" चालणार नाही, "००:१८ ते ००:२२ स्लो आहे, छोटं कर" असं पाहिजे. आमच्याकडून तो एक माणूस मी. पार्टनरने तुला परस्पर फोन केला तर त्याला सांग की लिस्टमध्ये टाकायला सांगा. रागावेल, रागावू दे.

आणि दोन्ही राउंडमध्ये काय बदलता येईल ते पण वेगळं लिही. पहिला राउंड रफ कटवर, म्हणजे कुठला शॉट, कुठल्या क्रमाने, किती लांब, कुठलं म्युझिक. तो झाला की मी "लॉक" असं लिहून पाठवणार, लिहून, फोनवर नाही. त्याच्यानंतरच तू कलर, टेक्स्ट आणि आवाजाला हात लावायचा. दुसरा राउंड फक्त त्याच गोष्टींसाठी, फॉन्ट, स्पेलिंग, रंग, आवाज कमी-जास्त. लॉकनंतर शॉट बदलायचा म्हटला तर ते नवीन काम.

हे मी उगाच ताणतोय असं वाटेल तुला, तर एक उदाहरण घेऊ. समज सगळं तयार झालं आणि मी म्हणालो "काही नाही रे, बाराव्या सेकंदाचा तो दोन सेकंदांचा शॉट फक्त काढून टाक." मला तो दोन सेकंदांचा बदल दिसतो. तुझ्याकडे काय होतं? त्याच्यापुढचं सगळं दोन सेकंद मागे सरकतं. तू कट म्युझिकच्या बीटवर बसवले असतील तर पुढचे सगळे कट बीटवरून सुटतात, म्हणजे म्युझिक मधे जोडून घ्यायचं नाहीतर प्रत्येक कट परत बसवायचा. टेक्स्ट त्या त्या शॉटबरोबर सरकलाय का ते बघायचं. शेवटी पत्ता वाचायला जेवढा वेळ ठेवला होतास तेवढा राहिला का ते बघायचं, आणि ४५ ऐवजी ४३ सेकंद झाले ते भरायचे कशाने? मग उभा व्हिडिओ. त्याची टाइमलाइन वेगळी, तोच शॉट तिथेही असेल तर हे सगळं तिथे परत. मग दोन्ही एक्स्पोर्ट, दोन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत बघणं, दोन्ही अपलोड. रफ कटच्या वेळी हाच शॉट सांगितला असता तर एका मिनिटाचं काम होतं. क्लायंटला हे आपोआप कळत नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. तूच सांगायचं, आणि काम सुरू व्हायच्या आधी, कारण बदल आल्यावर सांगितलंस तर ते कारणं देणं वाटतं.

एक फरक अजून, हा नीट ठेव. चूक वेगळी आणि बदल वेगळा. मी दिलेल्या मजकुरात "सोमवार बंद" आहे आणि तू "रविवार बंद" टाइप केलंस तर ती तुझी चूक, ती कधीही फुकट दुरुस्त करायची, राउंडमध्ये मोजायची पण नाही, शेवटच्या दिवशी दिसली तरी. पण मीच "रविवार" लिहून दिलं आणि नंतर म्हणालो अरे सोमवार, तर तो बदल, तो माझ्या राउंडमध्ये जाणार. हे लिहिलंस की मी तुझ्यावर ओरडायच्या आधी माझा स्वतःचा मेसेज वर जाऊन बघेन.

वेळेचं पण तसंच. मी लिस्ट द्यायला चार दिवस लावले तर डिलिव्हरीची तारीख चार दिवस पुढे, हे एक वाक्य टाक. नाहीतर उशीर माझा आणि रात्रभर जागणार तू.

आता फॉरमॅट. हे शेवटी ठरवायचं असतं असं तुला वाटतंय, मेसेजवरून तरी तसं दिसतं. चुकीचं आहे. हे सगळ्यात आधी. आडवा फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०. त्यातून उभा, म्हणजे ९:१६, कापला तर रुंदीला जेमतेम ६०८ पिक्सेल हाताला लागतात, एक तृतीयांशापेक्षाही कमी. तेवढंसं चित्र ताणून १०८० रुंद करायचं म्हणजे मऊ, धूसर होणार, आणि बाजूला उभा असलेला माणूस फ्रेमच्या बाहेर. माझं फुटेज फोरकेमध्ये आहे, ३८४० बाय २१६०, त्यातून उभा तुकडा १२१५ रुंद निघतो, म्हणून आपलं भागेल. पण हे तू मला विचारलंच नव्हतंस! फुटेज फुल एचडी असतं तर? मी आधीच उभं शूट वेगळं करून दिलं असतं, पण कधी, तू आधी विचारलं असतंस तर. माप घ्यायच्या आधी कापड कापणारा शिंपी मला चालत नाही.

टीव्हीवाल्या फाइलचा आवाज बंदच असणार, दुकानात कोण ऐकतंय, म्हणून सगळं टेक्स्टमधून कळलं पाहिजे आणि ते चार पावलांवरून वाचता आलं पाहिजे. फोनवाल्यात खालच्या बाजूला आणि उजवीकडे अ‍ॅपची बटणं आणि कॅप्शन येतात, तिथे पत्ता टाकलास तर झाकला जाईल, टेक्स्ट मधल्या भागात ठेव. दोन्ही फाइल एमपीफोर, एच.२६४, आवाज एएसी. हे बोअरिंग आहे पण माझा टीव्ही जुना आहे, पेनड्राइव्हवरून हेच वाजतं, एच.२६५ दिलंस तर तो काळा स्क्रीन दाखवेल आणि मी तुला फोन करीन. पहिला रफ कट झाला की दहा सेकंदांची टेस्ट फाइल पाठव, मी लावून बघतो. शेवटच्या दिवशी कळण्यापेक्षा बरं. शिवाय टेक्स्ट नसलेली एक स्वच्छ कॉपी दे, ऑफर बदलली की ती लागते. प्रोजेक्ट फाइल मी मागत नाहीये, पण ती मिळणार की नाही, आणि तू किती महिने सांभाळून ठेवणार ते लिही. म्युझिकचं लायसन्स धंद्याच्या जाहिरातीला चालतं ना, त्याची पावती फाइलबरोबर जोड. आणि नावं अशी:

```
shop_main_16x9_v2.mp4
shop_reel_9x16_v2.mp4
shop_main_clean_16x9_v2.mp4
```

फायनल, फायनल न्यू, फायनल लास्ट असलं काही नको. आणि चॅटवर व्हिडिओ म्हणून पाठवू नकोस, तिथे दाबून बारीक होतो. ड्राइव्हची लिंक दे. आधीच्या एका एडिटरने सगळं चॅटवरच पाठवलं होतं, टीव्हीवर लावलं तर अक्षरांच्या कडा फुटलेल्या, ओरिजिनल मागितली तर म्हणे लॅपटॉप फॉरमॅट केला. फोन नंबर बदलला तेव्हा एक ओळ बदलायला अख्खा व्हिडिओ नवीन करून घ्यावा लागला मला. त्याला मी तेव्हा पूर्ण पैसे दिले होते, आणि लोकांना वाटतं मीच खडूस.

खडूस आहेच म्हणा. माझ्याकडे तोंडी ऑर्डर घेत नाहीत, ओळखीचा असला तरी चिठ्ठी लिहायची, मग माल. पोरं हसतात. हसू देत, गिऱ्हाईकाशी भांडण होतं तेव्हा मी चिठ्ठी काढतो आणि दोन मिनिटांत विषय संपतो, ओरडावं पण लागत नाही. तुझ्या वयात मला हे कोणी सांगितलं नाही आणि किती मित्र गेले त्यात, पैशापेक्षा ते जास्त लागतं. म्हणून तुझ्या मागे लागलोय, माझा फायदा आहे म्हणून नाही. खरं तर माझा तोटाच आहे, फुकटचे बदल गेले.

अर्धं पान पुरे, वकिली भाषा नको, मला कळेल अशा मराठीत लिही. काम काय, काय नाही, राउंड म्हणजे काय, लॉक कधी, कुठल्या फाइल, तारीख, आणि तिसरा राउंड लागला तर त्याचे किती. तो आकडा तू ठरव, मला विचारू नकोस. अ‍ॅडव्हान्स निम्मा घे आणि उरलेले पैसे आल्यावरच मोठी फाइल सोड, तोपर्यंत वॉटरमार्कवाली दाखव, मला राग येणार नाही.

उद्या संध्याकाळपर्यंत पाठव. मी वाचून "मान्य" लिहून परत पाठवतो आणि तेव्हाच फुटेजची लिंक देतो, त्याच्या आधी मागितलीस तरी देणार नाही.