दुसरं वाक्य बोलू नकोस

तुझं नाव लिहीत नाही. पत्र घरात कुणाच्या हाती पडलं तर उगाच प्रश्न, आणि प्रश्नांना तू आधीच विटली आहेस.

रविवारी कोपरीला आलीस, चहा घेतलास, पाणी मात्र नको म्हणालीस. चपला घालताना बोलून गेलीस की ऐरोलीच्या ऑफिसात दिवसभर पाणी पीतच नाही. प्यायलं की टॉयलेटला जावं लागतं, आणि तिथे आरशासमोरच्या बायका तुला पाहून दचकतात. तू विचारायला आली होतीस ते वेगळंच: "बाई, केस वाढवू का?" मला रात्री झोप लागली नाही ती मात्र पाण्यामुळे.

आधी मंगळवारचा प्रसंग. ठाण्याहून ट्रान्स हार्बरच्या लेडीज डब्यात चढलीस. एक बाई म्हणाली, "ओ भाऊ, लेडीज आहे हा." तू म्हणालीस, "मी मुलगीच आहे." इथपर्यंत ठीक होतं. मग दुसरी म्हणाली, आवाज तर तसा वाटत नाही. तू घसा बसल्याचं सांगितलंस. खोटं! तुझा आवाज आहेच तसा. तिसरीने आधार मागितलं, तू ते काढून दाखवलंस. त्यावर दहावीतला दोन वेण्यांचा फोटो. झालं, "हे कार्ड बहिणीचं असेल." दिघा यायच्या आत तू दारापाशी, आणि अख्खा डबा तुझ्याकडे बघतोय.

नीट बघ काय झालं ते. प्रत्येक पुराव्याने पुढची शंका काढली. पहिल्या बाईला फक्त खात्री हवी होती, ती तुझ्या एका वाक्यात झालीही असती. पुढचं सगळं दुसऱ्या वाक्याने सुरू झालं. तू दाखवायला लागलीस म्हणून त्यांना तपासायचा हक्क आहे असं वाटलं.

म्हणून सांगते, एक वाक्य त्यांचं. ते द्यायचं, आणि सरळ द्यायचं, कारण रात्रीच्या गाडीत पुरुष खरंच घुसतात. डब्यातल्या बायकांची भीती खोटी नाही, मीही तशी घाबरले आहे. "हो, लेडीजच आहे, माहीत आहे मला," एवढं बोलायचं आणि जागा मिळाली तर बसायचं. दुसरं वाक्य नाही. आवाजाचं कारण नाही, केसांचं नाही, कार्ड तर अजिबात नाही. तिकीट किंवा पास मागायचा हक्क टीसीला. रेल्वे कायद्याचं १६२ वं कलम लेडीज डब्यात जाणूनबुजून शिरणाऱ्या पुरुषाबद्दल आहे, आणि त्यातही बाहेर काढायचा अधिकार रेल्वे कर्मचाऱ्याला दिलाय, खिडकीजवळच्या बाईला नाही. कुणी हात लावलाच तर रेल्वेची हेल्पलाइन १३९ लाव. वाद घालू नकोस, फोन लाव.

तू म्हणशील, बाईंना बोलायला काय जातं! जातं. ऐक.

१९९३ साली मी घाटकोपरच्या एका शाळेत पीटी शिकवायचे. कबड्डीने खांदे रुंद झालेले, केस पोरासारखे, अंगात ट्रॅकसूट. रोज सकाळी डब्यात तेच, "ए, कुठे चढतोस?" कंटाळून मी जांभळी नाक्यावरून एक काळी पोत आणली. लग्न झालेलं नव्हतं, होणारही नव्हतं. पोत ट्रॅकसूटच्या चेनवर दिसेल अशी ठेवायची. जादूच झाली, दुसऱ्या दिवसापासून बायका "ताई, सरका जरा" म्हणायला लागल्या. दोन वर्षं मी ती घातली.

त्याच दोन वर्षांतली गोष्ट. मुलुंडला एक मुलगी चढली, माझ्यासारखीच, माझ्याहून बारीक. चार बायकांनी तिला धरलं आणि भांडुपला खाली उतरवलं. गाडी निघाली तेव्हा ती प्लॅटफॉर्मवर पाठीवरची सॅक नीट करत होती, जणू तिलाच तिथे उतरायचं होतं. मी तोंड उघडलं नाही. हात पोतीवर होता, मणी चाचपत होते. आता म्हणते की मस्टर चुकलं असतं, लेट मार्क लागला असता. आणि लागलाच असता, मुख्याध्यापिका त्या बाबतीत कडक होत्या. पण ते कारण नव्हतं. मी बोलले असते तर पुढचा प्रश्न मला आला असता, आणि माझा पुरावा खोटा होता.

त्यामुळे केस वाढवू का हे मला विचारू नकोस. आवडत असतील तर वाढव. डब्यासाठी वाढवलेस तर ती तुझी पोत होईल.

खेळातलं एक उदाहरण देते, मला दुसरं काही येत नाही. शांती सौंदराजनने २००६ मध्ये दोहाच्या एशियाडमध्ये ८०० मीटरचं रौप्य मिळवलं आणि लिंगचाचणीनंतर ते तिच्याकडून काढून घेण्यात आलं. २०१४ मध्ये शरीरातल्या संप्रेरकाच्या पातळीवरून द्युती चंदला ग्लासगोच्या राष्ट्रकुल संघातून वगळलं. तो प्रश्न शरीराच्या आतला, तुझा दिसण्याचा, ते एक नव्हे. पण द्युतीने काय केलं बघ. ती क्रीडा लवादाकडे गेली आणि नियम करणाऱ्यांनाच पुरावा मागितला. २०१५ मध्ये लवादाने म्हटलं की त्या नियमाला पुरेसा आधार दाखवलेला नाही, आणि तो स्थगित केला. पुरावा मागणाऱ्याकडे मागायचा असतो हे मला तेव्हा कळलं, म्हणजे फारच उशिरा.

आता पाणी. प्रसंग चार मिनिटांचा असतो, त्याची वाट बघणं दिवसभराचं. कुठल्या डब्यात चढू, मॉलमध्ये तपासणीच्या कुठल्या रांगेत उभी राहू, कोण काय म्हणेल, मी काय म्हणेन. ही तालीम थकवते, आणि तिच्यापायी माणूस पाणी तोडतो. मीही तोडलं. शाळेत साडेसात ते दीड एकदाही जायचे नाही, कारण एकदा एका पालकबाईने टॉयलेटच्या दारात आरडाओरडा केला होता. बायकांची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटरची, जंतूंना वर चढायला वेळ लागत नाही. पाणी कमी आणि वर लघवी तुंबवलेली, म्हणजे धुऊन जायचीही सोय नाही. आधी जळजळ, मग सारखी भावना आणि थेंबभर लघवी. मी ते उन्हावर ढकललं. मग थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर एका बाजूला कळ. मूत्रपिंडापर्यंत गेलं होतं. चार दिवस सलाइन.

जळजळ असेल तर उद्याच डॉक्टरकडे जा, आणि अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी लघवी कल्चरला द्यायची का ते विचार. घरात उरलेल्या गोळ्या घेऊ नकोस. ताप आणि पाठीत कळ एकत्र आली तर त्याच दिवशी. नसेल तर साधं आहे: रंग फिका राहील इतकं पाणी, आणि तीन-चार तासांनी टॉयलेट, आलेली असो वा नसो. आरशासमोर कुणी दचकलं तर "लेडीजच आहे ना हे?" असं तूच हसून विचार. तेच तुझं एक वाक्य. मग दार लाव. बाहेर आल्यावर हात धू, सावकाश धू, पळू नकोस.

एचआरला लिहायचं का, तेही विचारलं होतंस. लिही, पण स्वतःच्या दिसण्याबद्दल एक ओळही नको. कुणी, कधी, काय म्हटलं एवढंच. सवयीने तू खुलासा लिहायला बसशील, मला माहीत आहे, तिथेही पेन खाली ठेव.

पुढच्या रविवारी ये. लिटरची बाटली रोज ऑफिसात रिकामी व्हायला हवी, घरी आल्यावर ओतून नव्हे. फोटो काढून पाठव. हो, हा पुरावा मात्र मी मागणार आहे.

तुझी,
बाई