बांधकामाचं व्याज कधीपर्यंत इमारतीच्या किमतीत?

प्रश्न: कारखान्याची इमारत बांधून झाली, पण मशिनरी तीन महिन्यांनी येणार. तोपर्यंतचं व्याज आणि साइटचा खर्च इमारतीच्या किमतीत धरू का?

नाही, इमारत वापरायोग्य झाली की व्याज चढवणं थांबतं. कर्जावरच्या व्याजाचं आंतरराष्ट्रीय लेखा मानक, आयएएस २३, इमारतीची तयारी पाहतं, उत्पादन कधी सुरू झालं ते नाही. समजा, बांधकामासाठीच घेतलेलं १ कोटीचं कर्ज सुरुवातीलाच पूर्ण खर्च झालं, व्याज १२ टक्के, बांधकाम १० महिने. मग १० लाख इमारतीत जातील आणि नंतरचे ३ लाख नफा-तोट्यात. साइट इंजिनिअरचा पगार, सपाटीकरण, तात्पुरती वीज हेही तयारीपर्यंतच धरा. मुख्य कार्यालयाचा खर्च त्यात ढकलू नका (ऑडिटर तो हमखास काढतो). मात्र मधे काम दीर्घकाळ बंद ठेवलं असेल, तर त्या काळाचं व्याजही सहसा खर्चातच जातं.