तोही हसला म्हणे!

*ताई, आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने नुकतीच पहिली मॅरेथॉन पूर्ण केली. वय ४६, पूर्णवेळ नोकरी, तरी सहा महिने नेटाने तयारी करत होता. वेळ लागला ५ तास ५२ मिनिटं. जेवणाच्या सुट्टीत एकजण म्हणाला, "एवढ्या वेळात तर मी चालत पोचलो असतो." सगळे हसले, मीही हसलो, तोही हसला. तर आता सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड द्यायचं ठरलंय आणि दोन शब्द बोलायचं माझ्या गळ्यात पडलंय. मला धावण्यातलं ओ की ठो कळत नाही. काय बोलू म्हणजे मनापासून वाटेल?*
*— भाषणाला घाबरणारा*

भाषणाचं नंतर बघू. "तोही हसला" हे तुम्ही कुणाच्या बचावासाठी लिहिलंत? तो हसणारच हो. चारचौघांत आपली थट्टा झाली की हसण्यावारी नेण्यापलीकडे माणसाच्या हातात असतं काय? तोंड पाडलं असतं, तर तुम्हीच म्हणाला असतात, एवढंसं मनाला लावून घेतो.

आणि विनोद तरी धड हवा होता. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. आपण पाय मोकळे करायला जातो तेव्हा तासाला साधारण पाच किलोमीटर चालतो. म्हणजे तुमचे विनोदवीर न थांबता, न बसता चालत राहिले, तरी त्यांना साडेआठ तासांच्या आसपास लागले असते. पण तेवढा वेळ त्यांना देणार कोण? बऱ्याच मोठ्या शर्यतींत सहा-सात तासांनी रस्ता वाहनांसाठी उघडतात. मध्येही ठरावीक टप्पे ठरावीक वेळेत गाठावे लागतात. नाही गाठले, तर मागून येणाऱ्या बसमध्ये बसवतात. तुमच्या सहकाऱ्याने एक किलोमीटर सरासरी ८ मिनिटं २० सेकंदांत काटलाय. या वेगाने तुम्ही कार्यालयाभोवती एक किलोमीटर चालून बघा. चालता चालता धावायलाच लागाल.

पहिला येणारा दोन-सव्वादोन तासांत मोकळा होतो. सहा तासांच्या आसपास पोचणारा अंतर तेवढंच कापतो, पण जवळजवळ तिप्पट वेळ पायांवर असतो. तिशीच्या किलोमीटरपुढे शरीरातली साठवलेली साखर संपत येते, मांड्या दगडासारख्या होतात आणि साधी बेरीज जमेनाशी होते. हे पुढच्यांनाही होतं, पण त्यांच्यासाठी टाळ्या वाजवणारे रस्त्याकडेला उभे असतात. याच्या वाटेला येईपर्यंत बघे घरी गेलेले, पाण्याची टेबलं आवरायला घेतलेली, पायाखाली चिरडलेले कागदी पेले. तिथून पुढचे दहा-बारा किलोमीटर त्याने जवळपास एकट्याने काढले असणार. तयारीतली सर्वांत लांब धाव साधारण तीस किलोमीटरची असते. त्याच्या वेगाने ती चार तासांच्या वर जाते. अशी धाव काढून दुसऱ्या दिवशी तो तुमच्या शेजारी येऊन बसत होता, आणि तुम्हाला पत्ताही नव्हता.

तेव्हा कार्डाची वाट बघू नका. उद्याच्या जेवणाच्या सुट्टीत, त्याच टेबलावर, तीच मंडळी असताना बोला. "परवा आपण हसलो ना, मी हिशेब करून बघितला. चालत साडेआठ तास लागतात आणि तोवर रस्ताही उघडतात. हा पाच बावन्नमध्ये आला. अभिनंदन!" एवढंच. नाटकी आवाज नको आणि माफीही नको. माफी मागितलीत की तो बिचारा "अरे, त्यात काय" म्हणत तुमचीच समजूत काढत बसेल. त्यापेक्षा हसला होतात सगळ्यांसमोर, तर हिशेबही सगळ्यांसमोर दुरुस्त करा. विनोदवीर जरा ओशाळतील. ओशाळू देत.

मग त्याला एकच प्रश्न विचारा, "कितव्या किलोमीटरला वाटलं, आता सोडून द्यावं?" आणि गप्प बसा. मॅरेथॉन धावलेल्या माणसाकडे याचं उत्तर असतंच, फक्त विचारणारा भेटत नाही. सगळे विचारतात, कितवा नंबर आला. तो सांगेल त्यातलं एखादं वाक्य कार्ड देताना बोला. तुमच्या दोन शब्दांची सोय झाली. "मला तर दोन जिने चढवत नाहीत" हे मात्र तिथे आणू नका. त्याच्या कौतुकाच्या वेळी तुमच्या जिन्यांचं काय काम?

आणि कार्डावर कुणी "पुढच्या वेळी पाच तासांच्या आत!" असं लिहायला घेतलं, तर त्याच्या हातातून पेन काढून घ्या.