ऑडिओबुकची प्रकरणं उलटसुलट वाजतात, क्रम कसा लावू?

प्रश्न: माझ्याकडे एका मराठी कादंबरीचं ऑडिओबुक आहे. दहा प्रकरणं, एकूण २६ एमपी३ फाइल्स, नावं ‘प्रकरण पहिले भाग १’ अशी. फोनवर लावलं की आधी आठवं प्रकरण लागतं, मग चौथं, मग तिसरं. एकाच पुस्तकाचे दोन अल्बम झालेत आणि काही फाइल्सवर भलतंच कव्हर दिसतं. सरळ क्रमाने कसं लावायचं?

आठवं, चौथं, तिसरं हे वाचल्याबरोबर दुखणं कळलं, कारण आमच्या घरी अगदी हेच झालं होतं. बाबांना आता बारीक अक्षर लागत नाही. नागपुरात मे महिन्यात अकरा ते पाच घराबाहेर पडायची सोय नसते, म्हणून कूलरसमोर बसून ते दुपारभर कादंबऱ्या ऐकतात. मी एक पुस्तक फोनमध्ये टाकून दिलं आणि तीन दिवसांनी ते म्हणाले, “लेखकानं गोष्ट मधूनच सुरू केली आहे, हळूहळू उलगडेल.” ती उलगडणार नव्हती. फोन आठव्या प्रकरणापासून सुरू झाला होता.

तुमचा फोन बिघडलेला नाही, तो वर्णानुक्रमे लावतो आहे. ‘पहिले’ म्हणजे एक हे त्याला ठाऊक नाही, त्याला फक्त अक्षरं दिसतात. स्वर व्यंजनांच्या आधी येतात म्हणून ‘आठवे’ सगळ्यांत वर. मग च, त, द, न, प, स या ओळीने गेलात तर क्रम असा होतो: आठवे, चौथे, तिसरे, दहावे, दुसरे, नववे, पहिले, पाचवे, सहावे, सातवे. तुमच्या फोनवरची यादी याच्याशी ताडून बघा, तंतोतंत जुळेल. आकड्यात लिहिलं असतं तरी सुटका नव्हती. ‘प्रकरण १’नंतर ‘प्रकरण १०’ आणि मग ‘प्रकरण २’ असं लावणारे प्लेअर अजून पुष्कळ आहेत.

क्रम दोन ठिकाणांहून ठरतो, आणि दोन्ही ठिकाणं नीट करावी लागतात. फोल्डरला पुस्तक मानणारी ऑडिओबुकची ऍप्स बहुधा फाइलच्या नावाकडे बघतात. गाण्यांचे प्लेअर फाइलच्या आत लिहिलेल्या टॅगमधला ट्रॅक नंबर बघतात, आणि तो रिकामा असला की शीर्षकाच्या अक्षरांवर येतात. म्हणून एकच पुस्तक एका ऍपमध्ये सरळ आणि दुसऱ्यात वाकडं वाजतं.

मी हे काम कॉम्प्युटरवर Mp3tag मध्ये करतो. विंडोजवर ते फुकट मिळतं. आधी सगळ्या फोल्डरची एक प्रत बाजूला ठेवा. आणि पुस्तक अर्धं ऐकून झालं असेल तर कुठल्या प्रकरणात किती मिनिटांवर आहात ते कागदावर लिहून घ्या. बरीच ऍप्स ती जागा फाइलच्या नावावरून लक्षात ठेवतात, नाव बदललं की ती पुसली जाते. बाबांची अशी एकदा पुसली गेली आणि आम्ही दोघं तासभर ‘हे ऐकलं होतं का’ करत बसलो.

सुरुवात Options मध्ये Tags आणि त्याखालच्या Mpeg पासून करा. तिथे लिहिण्यासाठी `ID3v2.3 UTF-16` निवडा आणि `ID3v1` लिहिण्याची खूण काढून टाका. ID3v1 हा जुना प्रकार फाइलच्या शेवटी जेमतेम १२८ बाइट्स घेतो, त्यात शीर्षकाला ३० बाइट्स. देवनागरीची त्यात सोय नाही. शीर्षकांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते ती बहुतेक वेळा इथूनच येते.

आता सगळ्या २६ फाइल्स निवडून Convert मधलं `Filename - Tag` उघडा आणि नमुना म्हणून `%title%` एवढंच द्या. फाइलचं आत्ताचं नाव शीर्षकात जाऊन बसेल. ‘प्रकरण पहिले भाग १’ हे छान मराठी नाव आपल्याला हवंच आहे, फक्त क्रम लावायचं ओझं त्याच्यावरून काढायचं आहे.

‘पहिले’चा ‘01’ करणं हे या कामातलं खरं हातकाम. Actions मध्ये एक नवा गट करा आणि त्यात `Replace` या प्रकारच्या दहा ओळी घाला. प्रत्येक ओळीत फील्ड `_FILENAME`, शोधायचा मजकूर ‘प्रकरण पहिले’, त्याजागी `01`. पुढच्या ओळीत ‘प्रकरण दुसरे’ आणि `02`, असं `10` पर्यंत. आकडे इंग्रजीच घाला. हा गट जपून ठेवला की पुढच्या पुस्तकाला तोच चालतो.

यात दोन जागी पाय अडकतो. एखादी फाइल तशीच राहिली तर तिचं शुद्धलेखन वेगळं आहे, ‘पाचवे’ऐवजी ‘पाचवं’ किंवा मधे एक जादा स्पेस. आणि वीसच्या पुढचं पुस्तक असेल तर शोधताना ‘प्रकरण’ हा शब्द अजिबात गाळू नका. नुसतं ‘विसावे’ शोधलंत तर ते ‘एकविसावे’ आणि ‘बाविसावे’ यांच्या पोटातही सापडतं, आणि नावाचे तुकडे होतात.

फाइल्सची नावं आता ‘01 भाग १’, ‘01 भाग २’ अशी झाली असतील. एका प्रकरणाचे दहाच्या आत भाग असले तर ‘भाग’पुढचे मराठी आकडे तसेच राहिले तरी क्रम बिघडत नाही. यादीत फाइलच्या नावाच्या रकान्यावर क्लिक करून क्रम लावा आणि पुढे जाण्याआधी डोळ्यांनी खालपर्यंत वाचा, कारण यापुढचं सगळं याच क्रमावर उभं राहणार आहे. मग सगळ्या फाइल्स निवडून Tools मधलं `Auto-numbering Wizard` चालवा. १ पासून सुरुवात आणि आकड्याआधी शून्य घालण्याची खूण, बस. एकूण ट्रॅकचा आकडा मी घालत नाही. नंबर सलग १ ते २६ द्या, प्रत्येक प्रकरणाला पुन्हा १ पासून देऊ नका. नाहीतर प्लेअरला दहा फाइल्सवर ‘१’ दिसतो आणि तो सगळ्या प्रकरणांचे पहिले भाग आधी वाजवतो. सीडीवरून उतरवलेल्या पुस्तकात हा घोळ हमखास असतो, कारण प्रत्येक सीडी १ पासून सुरू होते.

ट्रॅकच्या रकान्यात कोणी हाताने ‘१’, ‘२’ असे मराठी आकडे भरले असतील तर तेही यात आपोआप बदलले जातील. तिथे देवनागरी आकडा बऱ्याच प्लेअरना वाचता येत नाही, त्यांच्या लेखी रकाना रिकामाच राहतो. मराठी माणसाच्या हातून ही चूक प्रेमापोटी होते, माझ्याही झाली होती. शीर्षकात मराठी आकडे खुशाल ठेवा.

शेवटी Convert मधून `Tag - Filename`, आणि नमुना हा:

```
$num(%track%,2) - %title%
```

फाइल होईल ‘01 - प्रकरण पहिले भाग १.mp3’. फाइल्स शंभरावर गेल्या तर २ च्या जागी ३ करा.

दोन अल्बम का झाले तेही आता बघू. माझ्या अंदाजाने वाचणारे दोघं आहेत, आणि आर्टिस्टच्या रकान्यात काही फाइल्सवर एकाचं, काहींवर दुसऱ्याचं नाव आहे. गाण्यांचे प्लेअर अशा वेळी अल्बम फोडतात. वाचणाऱ्यांची नावं पुसू नका, त्यांनी मेहनत घेतली आहे. त्याऐवजी सगळ्या फाइल्स निवडा, डावीकडच्या पट्टीत अल्बममध्ये पुस्तकाचं नाव आणि अल्बम आर्टिस्टमध्ये लेखकाचं नाव एकदाच टाइप करून `Ctrl+S` दाबा. ज्या रकान्यात `<keep>` दिसतं तिथे फाइलनिहाय वेगळा मजकूर आहे. शीर्षकाचं `<keep>` तसंच राहू द्या, नाहीतर २६ फाइल्सना एकच नाव बसेल. कधी कधी अल्बमच्या नावाच्या शेवटी कुठल्या तरी फाइलीत एक जादा स्पेस असते आणि तिच्यामुळेही अल्बम फुटतो, तीही या नव्या टाइपने जाते.

कव्हरचं म्हणाल तर भलतं चित्र दिसतं ते बहुधा एकाच फाइलीत दोन चित्रं असल्यामुळे. कोणी जुनं न काढता नवं घातलेलं असतं, एक प्लेअर पहिलं दाखवतो, दुसरा दुसरं. सगळ्या फाइल्स निवडून चित्रावर राइट क्लिक करा, आधी `Remove cover`, सेव्ह, मगच `Add cover`.

चित्र मात्र आधी तयार करून घ्या. पुस्तकाचं मुखपृष्ठ उभं असतं आणि प्लेअरची चौकट चौकोनी, त्यामुळे वरचं नाव नाहीतर खालचा लेखक कापला जातो. मी ६०० × ६०० ची चौकोनी पाटी घेतो, मधे ४०० × ६०० चं मुखपृष्ठ ठेवतो आणि दोन्ही बाजूंना मुखपृष्ठातलाच रंग भरतो. साधं जेपीईजी, १०० केबीच्या आसपास. फोनने काढलेला ३ एमबीचा फोटो तसाच घातलात तर तो प्रत्येक फाइलीत जातो, म्हणजे २६ फाइल्सना ७८ एमबी. ६४ केबीपीएसवर अर्ध्या तासाचं वाचन साधारण १४ एमबीचं असतं, त्यापुढे हा भार फारच झाला. शिवाय काही जुने प्लेअर एवढं मोठं चित्र दाखवतच नाहीत. तेच चित्र `cover.jpg` नावाने फोल्डरमध्येही ठेवा, काही ऍप्स तिथून उचलतात.

हे सगळं करूनही फोनवर जुनंच दिसलं तर घाबरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका. फोन जुनी माहिती साठवून ठेवतो. ऍपची कॅश साफ करा किंवा फोल्डर काढून दुसऱ्या नावाने पुन्हा टाका. मग पहिली, मधली आणि शेवटची फाइल दहा-दहा सेकंद ऐका. निवेदक स्वतः प्रकरणाचा आकडा बोलतो, त्याहून पक्की खात्री नाही.

गाडीत पेनड्राइव्हवर ऐकत असाल तर मात्र आणखी एक भानगड आहे. आम्ही अमरावतीला जाताना बाबांसाठी हेच पुस्तक लावलं आणि सगळं नीट असूनही क्रम चुकला. काही कार स्टिरिओ नाव बघत नाहीत आणि टॅगही बघत नाहीत. पेनड्राइव्हवर फाइल्स ज्या क्रमाने उतरल्या त्याच क्रमाने ते वाजवतात. त्यावर उपाय म्हणून पेनड्राइव्ह रिकामा करून फाइल्स एकेक करून, 01 पासून ओळीने कॉपी करा. लिनक्स असेल तर पेनड्राइव्ह अनमाउंट करून `fatsort` चालवलं की तो तिथल्या तिथे क्रम लावतो. स्टिरिओच्या पडद्यावर मराठी नावांऐवजी चौकोन दिसले तरी काळजी नको, सुरुवातीचा इंग्रजी आकडा वाचता येतो आणि कुठल्या प्रकरणात आहोत ते कळतं.