शीटमध्ये सरासरी ८ आणि मार्कशीटवर ७.५, खरं कोण?

*"मॅडम, मी बीएससी दुसऱ्या वर्षाला आहे. इंटर्नशिपच्या फॉर्मसाठी मी माझ्या ग्रेड पॉइंट्सची शीट बनवली, AVERAGE लावला तर ८ येतात, पण मार्कशीटवर एसजीपीए ७.५० छापलाय. फॉर्मवर कुठला टाकू? मित्र म्हणाला प्रत्येक विषयाचा गुणाकार वेगळ्या कॉलममध्ये काढ, मग बेरीज कर. हे सगळं एकाच फॉर्म्युल्यात नाही का बसत? पुढच्या सेमचा अंदाज पण त्याच शीटमध्ये काढायचाय."*

फॉर्मवर मार्कशीटवरचाच आकडा टाक, त्यात विचार करण्यासारखं काहीच नाही, कारण डॉक्युमेंट तपासताना समोरचा माणूस तुझी शीट नाही, मार्कशीट बघणार आणि तिथे ८ च्या जागी ७.५ दिसला की तू मुद्दाम वाढवलं असंच त्याला वाटणार. युनिव्हर्सिटीचं चुकलेलं नाहीये, AVERAGE पण बरोबरच काम करतोय, फक्त त्याला क्रेडिट माहीतच नाहीत. त्याच्या लेखी ४ क्रेडिटचं गणित आणि २ क्रेडिटचं पर्यावरण सारखंच.

तू पाठवलेले आकडे मी असे मांडले. A मध्ये विषय, B मध्ये ग्रेड पॉइंट, आणि त्याला लागूनच C मध्ये क्रेडिट. गणित, फिजिक्स, कॉम्प्युटर तिन्ही ४ क्रेडिटचे आणि त्यात तुला ६, ७, ६. दोन प्रॅक्टिकल २-२ क्रेडिटची, त्यात ९ आणि १०. पर्यावरण २ क्रेडिट, १०. इंग्लिश २ क्रेडिट, ८. आता नुसती सरासरी काढली तर ५६ भागिले ७, म्हणजे ८. पण प्रत्येक पॉइंट त्याच्या क्रेडिटने गुणून बेरीज केली तर १५० होते, एकूण क्रेडिट २०, म्हणून ७.५. तुझे ९-१० सगळे छोट्या क्रेडिटच्या विषयात आहेत आणि ६-७ मोठ्या, त्यामुळे नुसती सरासरी फुगली, एवढंच झालंय.

आणि हो, एका सेलमध्ये बसतं की:

```
=SUMPRODUCT(B2:B8,C2:C8)/SUM(C2:C8)
```

SUMPRODUCT प्रत्येक ओळीतला B गुणिले C करतो आणि सगळ्याची बेरीज देतो, म्हणजे मित्राने सांगितलेला जास्तीचा कॉलम तो मनातल्या मनात करतो. खाली SUM ने क्रेडिटची बेरीज. खाली २० असं हाताने लिहू नकोस, आणि `=(B2*4+B3*4...)/20` असलं तर अजिबातच नको, उद्या एखादा विषय ३ क्रेडिटचा झाला की फॉर्म्युल्यात शिरून शोधत बसावं लागतं. क्रेडिट कॉलममध्ये डोळ्यासमोर असले की कोणीही मार्कशीटशेजारी धरून ताडून बघू शकतं. दोन्ही रेंज सारख्याच लांबीच्या हव्यात, B2:B8 आणि C2:C7 असं झालं तर एक्सेल `#VALUE!` दाखवतं, ते बरंच आहे, निदान चूक कळते तरी. गुगल शीट्समध्ये `AVERAGE.WEIGHTED(B2:B8,C2:C8)` असं तयार फंक्शन पण आहे, पण एक्सेलमध्ये ते नाही, म्हणून वरचंच शिक, दोन्हीकडे चालतं.

आता जिथे खरी गडबड होते ते सांगते, कारण तिथे एररच येत नाही, आकडा गुपचूप बदलतो.

समज इंग्लिशचा रिझल्ट राखीव आहे आणि तू तो सेल रिकामा ठेवलास. SUMPRODUCT रिकाम्या सेलला शून्य धरतो, वरची बेरीज १३४ होते, पण खाली इंग्लिशचे २ क्रेडिट तसेच मोजले जातात आणि उत्तर येतं ६.७. म्हणजे न लागलेल्या रिझल्टमध्ये तुला नापास करून टाकलं. पुढच्या सेमचा अंदाज काढताना तर अर्धे सेल रिकामेच असणार, मग आकडा बघून उगाच झोप उडायची. तेव्हा खाली फक्त ज्या विषयात आकडा भरलाय त्यांचेच क्रेडिट मोजायचे:

```
=SUMPRODUCT(B2:B8,C2:C8)/SUMPRODUCT(--ISNUMBER(B2:B8),C2:C8)
```

ISNUMBER आकडा आहे की नाही एवढं बघतो आणि त्याच्या आधीच्या दोन वजाबाकीच्या खुणा त्या हो-नाहीचं १ आणि ० करतात. आता १३४ भागिले १८, ७.४४. पण लक्षात घे, विषय खरंच राहिला असेल, एफ ग्रेड असेल, तर सेल रिकामा ठेवायचा नाही, तिथे ० टाइप करायचा, कारण यूजीसीच्या दहा पॉइंटच्या पद्धतीत एफ म्हणजे शून्य पॉइंट आणि तो विषय हिशोबात धरायचाच असतो. टाइप केलेला शून्य ISNUMBER ला आकडाच वाटतो, त्यामुळे क्रेडिट बरोबर मोजले जातात. रिकामा म्हणजे अजून कळलं नाही, शून्य म्हणजे कळलं आणि वाईट कळलं 😅

दुसरी गडबड जास्त वाईट. तू पॉइंट रिझल्टच्या पेजवरून कॉपी-पेस्ट केलेस ना, त्यात कधी कधी ६ हा आकडा म्हणून न येता टेक्स्ट म्हणून येतो. दिसायला सेम ६. समज गणिताचा ६ तसा आला तर पहिल्या फॉर्म्युल्यात त्याचे २४ पॉइंट गायब, उत्तर ६.३, तू निदान दचकशील तरी. पण दुसऱ्या सुधारलेल्या फॉर्म्युल्यात गणिताचे क्रेडिट पण गायब होतात, १२६ भागिले १६, उत्तर ७.८८! चांगला आकडा आला की कोण तपासतं? म्हणून शेजारच्या एका सेलमध्ये हे ठेवच:

```
=COUNT(B2:B8)
```

सगळे सातही पॉइंट भरल्यावर इथे ७ दिसला पाहिजे, ६ दिसला तर एक सेल टेक्स्ट आहे. अलाइनमेंट तू बदललेली नसेल तर तो सेल डावीकडे चिकटलेला दिसतो, एक्सेलमध्ये बहुतेक वेळा कोपऱ्यात हिरवा त्रिकोण पण येतो. सातच आकडे आहेत, सरळ परत हाताने टाइप कर. सेलचा फॉरमॅटच टेक्स्ट असेल तर आधी तो नंबर कर, नाहीतर परत टाइप केलेलं पण टेक्स्टच होईल.

दोन सेमचा मिळून सीजीपीए काढतानाही हाच फॉर्म्युला, B मध्ये एसजीपीए आणि C मध्ये त्या सेमचे एकूण क्रेडिट. दोन्ही सेमचे क्रेडिट सारखे असतील तर साधी सरासरी पण तेच उत्तर देते, वेगळे असतील तर नाही. बॅकलॉगचा, राउंडिंगचा नियम मात्र तुझ्या युनिव्हर्सिटीच्या ऑर्डिनन्समध्ये बघ, तिथे प्रत्येकाचं आपलं वेगळं असतं.

आणि अंदाजाचं म्हणशील तर पुढच्या सेमची क्रेडिटची मांडणी अशीच असेल असं धरून शीटमध्ये गणिताचा ६ बदलून ७ करून बघ, एसजीपीए सरळ ०.२ ने वाढतो. इंग्लिशमध्ये ८ चे ९ केलेस तर फक्त ०.१. म्हणजे ८ गाठायला १६० पॉइंट लागतात, तुला १० कमी पडतात, ते गणित एक ग्रेड, कॉम्प्युटर एक ग्रेड आणि इंग्लिश एक ग्रेड वर गेलं की भरतात. प्रॅक्टिकलमध्ये ९ चे १० करायला जेवढा जीव काढतोस ना, तेवढा गणितात काढ, तिथे एका ग्रेडला दुप्पट मिळतात.