सोलरच्या स्ट्रक्चरल नोटमध्ये नेमकं काय असायला हवं?

प्रश्न: आमची पुण्यातली चार मजली सोसायटी आहे. सोलर बसवणाऱ्याने इंजिनिअरची एका ओळीची नोट दिली: 'गच्ची १५० किलो प्रति चौरस मीटर भार घेऊ शकते, पॅनेलचा भार २० किलोच आहे, सबब सुरक्षित.' एवढं पुरेसं आहे का?

उत्तर: नाही. या नोटेत फक्त खाली दाबणाऱ्या भाराचा विचार आहे. पॅनेलच्या बाबतीत भीती असते ती वारा ते वर उचलेल याची, आणि त्याबद्दल तिच्यात अक्षर नाही.

हिशेब करून बघू. वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक आयएस ८७५ भाग ३, त्याप्रमाणे पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद. आजूबाजू मोकळी आणि उंची १५ मीटर धरली तर तो ४१ होतो, म्हणजे दाब साधारण १०० किलो प्रति चौरस मीटर. कलत्या, खालून उघड्या पॅनेलसाठी मी उचल-गुणांक १.३ धरतो. २.६ चौरस मीटरचं एक पॅनेल मग सुमारे ३४० किलोने वर ओढलं जातं. त्याचं स्वतःचं वजन सांगाड्यासकट ४०-४५ किलो. सहा पॅनेल पेलणारा सहा पायांचा सांगाडा, म्हणजे टेबल, असेल, तर सुरक्षेचा गुणक लावून दर पायावर सरासरी पावणेपाचशे किलोची ओढ येते. कडेच्या पायांवर त्याहून जास्त.

बहुतेक ठिकाणी पायाखाली एक फुटी काँक्रीटचा ठोकळा दिसतो. त्याचं वजन ६५ किलो! ठोकळेच मोठे करायचे म्हटलं तर टेबलाखाली २८०० किलो काँक्रीट लागेल. ते सहा पॅनेलखालच्या १५.६ चौरस मीटरवर वाटलं तरी १८० किलो होतात, म्हणजे नोटेतली १५० ची मर्यादाच ओलांडली.

म्हणून अँकर, म्हणजे काँक्रीटमध्ये भोक पाडून रोवलेले बोल्ट, लागतात, आणि खरी फसगत तिथेच होते. आपल्या गच्चीवर स्लॅबच्या वर चार-सहा इंच ब्रिकबॅट कोबा असतो. ड्रिलमधून लाल भुकटी येत असेल तर तुम्ही अजून विटेतच आहात. अशा अँकरला काही पकड नसते. करडी भुकटी आली की काँक्रीट लागलं. एका सोसायटीत मी सगळे बोल्ट लाल भुकटीतच संपलेले पाहिलेत.

काँक्रीट लागलं तरी प्रश्न उरतोच. १२ मिमीच्या केमिकल अँकरला साधारण ११० मिमी खोली लागते आणि स्लॅब बहुधा १२५ मिमीचा. खालच्या घराचं छत फुटायचं. त्यामुळे पाय बीमवर यायला हवेत: तिथला कोबा फोडायचा, बीममध्ये अँकर बसवून पायासाठी काँक्रीटचं पेडेस्टल ओतायचं, भोवतीच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर वाटा मारून वॉटरप्रूफिंग पुन्हा करायचं.

नोट परत पाठवा. वाऱ्याचा वेग, दर पायावरची ओढ, पाय कोणत्या बीमवर येतात त्याचा नकाशा, अँकरचा व्यास आणि काँक्रीटमधली खोली (कोबा सोडून) हे लेखी मागा. काम सुरू झाल्यावर दोन-तीन अँकर जॅकने ओढून दाखवायला सांगा, आणि त्या दिवशी गच्चीवर स्वतः हजर राहा.