अंगठा कशासाठी घेताय, हे वडिलांना कळतंय का?

प्रश्न: माझे वडील ७९ वर्षांचे आहेत, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत. आम्ही सोलापुरात राहतो. मागच्या वर्षी पॅरालिसिस झाला, तेव्हापासून अंथरुणावरच आहेत आणि आताशा बरंच विसरतात. बँकवाले म्हणतात, त्यांना घेऊन या. त्यांची पेन्शन काढायला प्रतिनिधी म्हणून मला नेमता येतं का? ओळखीचे एक जण म्हणाले, मुखत्यारपत्र करून टाका.

उत्तर:

नेमता येतं, पण नेमणारे तुमचे वडील असतात. तुम्ही नाही आणि बँकही नाही. म्हणून तुमच्या प्रश्नात ‘अंथरुणावर आहेत’ हे मला फार अवघड वाटत नाही. अवघड आहे ते ‘बरंच विसरतात’. मी बँकेत तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी पेन्शनच्या काउंटरवर, आणि शेवटी हेच सगळं माझ्या आईसाठी काउंटरच्या बाहेरच्या बाजूने करावं लागलं. तेव्हा दोन्हीकडचं सांगते.

आधी एक गाठ सोडवू. पेन्शन खात्यात जमा होणं वेगळं आणि खात्यातून काढणं वेगळं. जमा होत राहायला फक्त हयातीचा दाखला लागतो. नोव्हेंबरमध्ये कोषागाराची यादी शाखेत येते, तिच्यात वडिलांच्या नावापुढे सही किंवा अंगठा व्हायला हवा. ते जाऊ शकत नसतील तर घरबसल्या डिजिटल दाखला करा. मोबाइलवर Jeevan Pramaan आणि AadhaarFaceRD ही दोन ॲप घ्यायची. ऑपरेटर म्हणून तुमचा स्वतःचा आधार आणि चेहरा चालतो, मग वडिलांचा चेहरा टिपायचा. त्यांनी डोळे उघडून पापणी मिटली की झालं. हात लुळा असो की बोटांच्या रेषा झिजलेल्या असोत, काही अडत नाही. पोस्टमनला घरी बोलावूनही हे होतं. यात वडिलांना काय चाललंय ते समजलं पाहिजे अशी अट नाही, ते जिवंत आहेत एवढंच सिद्ध करायचं असतं. दाखला वेळेत गेला की पैसे साठत राहतात, बुडत नाहीत. चुकला तर पेन्शन थांबते, पण दाखला दिल्यावर थकबाकीसकट मिळते. मला काउंटरवर रडकुंडीला आलेली माणसं भेटायची, त्यातल्या निम्म्यांची काळजी एवढ्यानेच मिटायची.

आता पैसे काढणं. ‘त्यांना घेऊन या’ हे उत्तर चुकीचं आहे. आजारी, वृद्ध आणि असमर्थ पेन्शनरांसाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. सही करता येत नसेल तर पैसे काढायच्या स्लिपवर हाताचा किंवा पायाचा अंगठा चालतो. तोही उमटत नसेल तर नुसती खूण चालते. मात्र तो अंगठा त्यांचाच आहे हे दोन त्रयस्थ साक्षीदारांनी सांगायचं असतं. दोघंही बँकेच्या ओळखीचे हवेत आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. शिवाय पैसे कोण नेणार हे पेन्शनरने बँकेला कळवायचं, त्या माणसाची ओळखही दोन साक्षीदारांनी पटवायची आणि त्याच्या सहीचा नमुना बँकेने ठेवून घ्यायचा. तुम्ही ज्याला प्रतिनिधी म्हणताय तो हा. त्यासाठी मुखत्यारपत्र लागत नाही.

आईच्या वेळी पहिला अर्ज परत आला, त्यात चूक आमचीच होती. साक्षीदार म्हणून धाकट्या भावाची सही घेतली होती. पैसे नेणार मी आणि साक्ष भावाची, याला त्रयस्थ कसं म्हणायचं? इतकी वर्षं लोकांना हेच समजावलं, आणि स्वतःच्या आईच्या बाबतीत विसरले. मग आमच्याच शाखेत खातं असलेले शेजारचे निवृत्त मास्तर आले, आणि शाखेतून एक अधिकारी शाईचा पॅड घेऊन. आईचा उजवा हात गेलेला, डाव्याची मूठ उघडत नव्हती, म्हणून पायाचा अंगठा घ्यायचं ठरलं. पायाला शाई लागताच आई म्हणाली, “कुणाला जामीन राहायलाव का गं मी?” अधिकारी हसला नाही. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, “आजी, पेन्शनचे पैसे कोण आणणार?” आईने माझ्याकडे बोट केलं. मग म्हणाली, “थोरल्याला देऊ नका, तो पुण्यात असतोय.” त्याने लगेच पेन काढून कागद पुरा केला. आईला वार सांगता येत नव्हता, पण पैसे तिचे आहेत, ते कुणी आणायचे आणि कुणी नाही, एवढं तिला नक्की कळत होतं. त्या दिवसापुरतं तेवढं पुरतं.

दर वेळी स्लिपवर असा अंगठा लागतो. म्हणून दोन-तीन महिन्यांचे पैसे एकदम काढायचे. सत्तरीच्या पुढच्यांना आणि असमर्थ लोकांना घरपोच बँकिंग देण्याच्या सूचनाही २०१७पासून आहेत. शाखा तरी ऐकत नसेल तर तोंडी वाद घालू नका. हीच मागणी लेखी द्या, सोबत डॉक्टरांचा दाखला जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार करता येते. पोच मागितली की बहुतेकदा कुणीतरी खुर्चीवरून उठतंच, हा माझा काउंटरच्या आतल्या बाजूचा अनुभव.

साधारण दीड वर्षाने तोच अधिकारी पुन्हा आला. या वेळी आईने शाई लागलेला डावा अंगठा उचलला आणि कपाळाला लावला. तिला ते कुंकू वाटलं. त्याने पैसे, पेन्शन, माझं नाव, सगळं पुन्हा पुन्हा विचारलं. ती त्याला “जेवूनच जा” म्हणत राहिली. त्याने पॅडचं झाकण लावलं आणि म्हणाला, “ताई, आता माझ्याने होत नाही.” मी त्याच्यावर भडकले. बरोबर तोच होता. आईला कळत नसताना घेतलेला अंगठा हा आईचा अंगठा नसतो, आपण तिचं बोट धरून उमटवलेला डाग असतो. उद्या भावाने हरकत घेतली असती तर तो नोकरीला मुकला असता आणि मी चोर ठरले असते.

मुखत्यारपत्राचंही तेच. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २०१ : अधिकार देणाऱ्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की त्याने दिलेला अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी तुम्ही ते करून ठेवणार, त्याच दिवशी ते रद्द होतं. वडिलांना आज कळतच नसेल तर ते मुळात करताच येत नाही. नोंदणी केली तरी फरक पडत नाही. बँकेला दिलेलं अधिकारपत्रही याच कलमाखाली येतं. आणि खात्यावर तुमचं नाव वारस म्हणून लावलेलं असेल तर ते वडिलांच्या पश्चात उपयोगी, आत्ता नाही.

कळणं संपलं की मग न्यायालयाने नेमलेला पालक, एवढाच सरळ रस्ता उरतो. इथे दोन ठिकाणी लोकांचे महिने वाया जातात. एक, मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ आहे. नाव ऐकून वाटतं, हेच तर हवं होतं. पण तो फक्त उपचारांबाबत बोलू शकतो, पैशांना हात लावू शकत नाही. जुन्या १९८७च्या कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून मालमत्तेसाठी पालक नेमून घेता यायचा, ती तरतूद नव्यात आली नाही. दोन, जिल्हाधिकाऱ्यांकडच्या स्थानिक समितीकडे कुणीतरी धाडतं. ती समिती राष्ट्रीय न्यास कायद्याखालची, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी. म्हातारपणी गेलेली स्मृती त्यात बसत नाही.

त्यामुळे उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६खाली रिट करावी लागते. आम्ही केली तेव्हा मुंबई गाठावी लागायची. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस, सकाळी कोर्ट, रात्री परत. तुमचं एक बरं आहे, १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्यात येतो. आमच्याकडून मेंदूविकार तज्ज्ञांचे कागद, दोन्ही भावांची संमतीची प्रतिज्ञापत्रं आणि आईच्या नावावर काय काय आहे त्याची यादी घेतली. सरकारी डॉक्टरांच्या मंडळाने आईला तपासून अहवाल दिला. थोरल्याने संमती द्यायला फार ताणलं. डॉक्टरांपेक्षा त्याच्यातच जास्त वेळ गेला. आदेश झाल्यावर मी पालक म्हणून खातं चालवू लागले आणि रुपया-रुपयाचा हिशेब वहीत ठेवला, डायपरच्या पावत्यांसकट.

एटीएम कार्ड आणि पिन घेऊन पैसे काढणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, हे मला माहीत आहे, उगाच सोवळेपणा करत नाही. पण कार्डाची मुदत संपते, केवायसी मागतात, मोबाइल नंबर बदलावा लागतो, आणि त्या प्रत्येक वेळी बँकेला वडीलच हवे असतात. तोवर त्यांचा चांगला दिवस निघून गेलेला असतो.

तेव्हा मी तुमच्या जागी असते तर या आठवड्यात एकच करीन. वडील सकाळी चहा घेऊन ताजेतवाने असतात तेव्हा विचारा, “अण्णा, तुमची पेन्शन कुठल्या बँकेत येते? मी आणून देऊ का?” बँकेचं नाव चुकलं तरी चालेल. पैसे आपले आहेत आणि ते मुलाने आणावेत, एवढं त्यांच्या तोंडून निघालं तर त्याच दिवशी शाखेत लेखी अर्ज टाका, दुसऱ्या साक्षीदाराला सांगून ठेवा आणि अधिकाऱ्याला सकाळचीच वेळ द्या. आमची आई दुपारी चारनंतर कुणालाच ओळखायची नाही. दोन-तीन सकाळी विचारूनही काही निघालं नाही, तर अंगठ्याच्या नादाला लागू नका. हयातीचा दाखला तेवढा चालू ठेवा, पैसे खात्यात साठू द्या, आणि तज्ज्ञ डॉक्टरांचा दाखला व भावाबहिणींच्या संमत्या गोळा करायला लागा.